आजोबांवर पाच मिनिटे बोलताना

आजोबांच्या शोकसभेत नातवंडाने करायचे भाषण चार ते पाच मिनिटांचे असावे. त्यात आजोबांचा एकच स्वभावविशेष मध्यवर्ती असावा, तो दाखवणारे दोन प्रसंग असावेत आणि त्यांपैकी एक ऐकताना लोकांना हसू यावे. मांडणी साधी आहे, पण बहुतेक भाषणे वेगळ्याच वाटेने जातात. कुणी जन्मगाव, शिक्षण, नोकरी, बढती, निवृत्ती असा आयुष्याचा तक्ता वाचून दाखवतो. कुणी प्रेमळ, कष्टाळू, निगर्वी, हसतमुख अशी विशेषणे एकामागोमाग सांगत जातो. कुणी आठवणींत रमून पंधरा मिनिटे घेतो. तिन्ही वेळा लोक सभेतून उठतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आजोबा उभे राहिलेले नसतात.

नातवंडाच्या वाट्याचा भाग

शोकसभेत अनेक जण बोलतात. कार्यालयातले सहकारी नोकरीबद्दल सांगतात, भजनी मंडळातले लोक टाळ-मृदंगाच्या आठवणी काढतात, शेजारी मदतीचे प्रसंग सांगतात, मुलगा किंवा मुलगी वडिलांच्या कष्टांबद्दल बोलते. नातवंडाने पाहिलेला माणूस या सगळ्यांपेक्षा वेगळा असतो. त्याला आजोबा भेटतात तेच मुळी पन्नाशी-साठीनंतर, घरात, दुपारच्या वेळी, पेपर वाचताना किंवा भाजी निवडताना. ऐन उमेदीतला कर्तबगार माणूस त्याने पाहिलेला नसतो. पण ओट्यावर बसलेला, ठरावीक वाक्ये ठरावीक वेळी बोलणारा, नातवंडांना गुपचूप पैसे देणारा म्हातारा माणूस त्याच्याइतका जवळून कुणीच पाहिलेला नसतो. नातवंडाने बोलावे ते याच माणसाबद्दल.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मध्ये त्यांच्या आजोबांचे, म्हणजे वामन मंगेश दुभाषी ऊर्फ ‘ऋग्वेदी’ यांचे व्यक्तिचित्र आहे. ऋग्वेदींनी आर्यांच्या सणांचा इतिहास लिहिला ही माहिती इतरत्रही मिळते. घरातले आजोबा कसे होते, हे मात्र नातवाने लिहिले म्हणूनच वाचायला मिळते. भाषणातही कामाची वाटणी अशीच असावी. जन्मतारीख आणि पदे सूत्रसंचालकाने सांगावीत, घरातली सवय नातवंडाने.

जागा आणि वेळ

भाषण लिहायला घेण्याआधी ते कुठे होणार आहे हे ठरलेले असावे, कारण विनोदाला किती जागा आहे हे त्यावरून ठरते. ग्रामीण महाराष्ट्रात दशक्रियेच्या सकाळी नदीकाठी श्रद्धांजलीची भाषणे होतात. तिथे गावचे पुढारी, सोसायटीचे पदाधिकारी, पाहुण्यांचे प्रतिनिधी रांगेने बोलतात, प्रवचन असते, विधी चालू असतो आणि काकस्पर्शाची वाट पाहिली जाते. लोक उन्हात बसलेले असतात. अशा ठिकाणी नातवंडाने दोन मिनिटांत, एका प्रसंगात आटोपावे. शहरात सभागृहात किंवा घराच्या गच्चीवर संध्याकाळी होणारी शोकसभा निवांत असते. पहिल्या दिवसांचा धक्का थोडा ओसरलेला असतो आणि आजोबांचे भरल्या घरातले आयुष्य आठवायला लोक तयार असतात. पाच मिनिटांचे आणि हसू आणणारे भाषण तिथेच शोभते.

वसई किंवा गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. अंत्यविधीच्या मिस्सामध्ये धर्मगुरूंचे प्रवचन मृताच्या स्तुतीचे भाषण होऊ नये, असा चर्चचा नियम आहे. घरच्यांपैकी कुणाला आठवणीचे चार शब्द बोलायचे असतील तर ते मिस्साच्या शेवटच्या भागात बोलता येतात, आणि ते खरोखरच थोडक्यात असावे लागतात. त्यासाठी धर्मगुरूंशी आधी बोलून घेणे आवश्यक आहे. परदेशातल्या मराठी कुटुंबांना दहनगृहाची वेळ बहुधा ठरवून मिळते आणि तेवढ्यातच मंत्र, फुले आणि भाषणे बसवावी लागतात. तिथे एका वक्त्याने वेळ ओलांडली की पुढच्याचे बोलणे राहून जाते.

वेळेचा हिशोब शब्दांत मांडता येतो. शोकसभेत माणूस नेहमीपेक्षा सावकाश बोलतो. थांबण्याच्या जागा धरल्या तर मराठीत मिनिटाला साधारण 100 शब्द होतात. म्हणजे साडेचार मिनिटांसाठी सुमारे 450 शब्द पुरतात. पण प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, म्हणून लिहिलेले भाषण उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून वाचणे हीच खरी मोजणी. मनातल्या मनात वाचले की वेळ हमखास कमी भरते.

साहित्य गोळा करणे

भाषण एकट्याने आठवून लिहू नये. आजी, आत्या, काका, सगळ्यात मोठे चुलतभावंड आणि आजोबांचे एखादे जुने मित्र, अशा चार-पाच जणांना तीन प्रश्न विचारावेत. आजोबा कोणते वाक्य सारखे म्हणत? कोणत्या गोष्टीवरून त्यांची घरात चेष्टा होत असे? आणि ते कुणासाठी काय करत, जे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही? पहिल्या प्रश्नातून भाषणाचा धागा मिळतो, दुसऱ्यातून हसू आणि तिसऱ्यातून गंभीर प्रसंग.

एक काल्पनिक आजोबा घेऊन हे काम पाहता येईल. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर वीस वर्षे घरी राहिले. घरात सगळे त्यांना ‘आबा’ म्हणत. विचारपूस केल्यावर नातीच्या वहीत पाच गोष्टी जमल्या. घरातले सगळे कुठे बाहेर निघाले की आबा गाडीच्या दारात उभे राहून माणसे मोजत. जेवायला सुरुवात करायची झाली तरी ‘डबल बेल’ म्हणत. चिल्लर नाण्यांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवत आणि नातवंडांना खाऊचे पैसे सुट्ट्यांतच देत. घरातले शेवटचे माणूस परत येईपर्यंत झोपत नसत. आणि दवाखान्यातही ‘सगळे आले का?’ असे विचारत.

पाचही गोष्टी चांगल्या आहेत, म्हणूनच इथे चूक होण्याची शक्यता जास्त असते. पाचही सांगायच्या ठरवल्या तर प्रत्येकीला एक मिनिट मिळते आणि एकही प्रसंग उभा राहत नाही. नीट पाहिले तर पहिली, चौथी आणि पाचवी गोष्ट एकाच स्वभावाच्या आहेत. हा माणूस आपली माणसे मोजत असे आणि एक जरी कमी असेल तर त्याला चैन पडत नसे. हा धागा पक्का झाला. चिल्लरचे डबे कितीही गमतीचे असले तरी ते काटकसरीबद्दल बोलतात, म्हणून ते बाजूला ठेवावेत. ‘डबल बेल’ची आठवण सभेनंतर चहा घेताना कुणीतरी काढेलच.

साडेचार मिनिटांचा आराखडा

भाषणाचे पाच भाग पडतात. ओळख आणि धागा यांना 40 सेकंद, हसू आणणाऱ्या प्रसंगाला 80, वळणाला 20, गंभीर प्रसंगाला 90 आणि निरोपाला 40. बेरीज 270 सेकंद, म्हणजे साडेचार मिनिटे.

पहिल्या भागात बोलणारी व्यक्ती आजोबांची कोण, हे एका वाक्यात सांगावे, कारण सभेतल्या अनेकांना नातवंडे ओळखू येत नाहीत. आजोबांना बाहेरचे लोक ज्या नावाने ओळखत आणि घरातले ज्या नावाने हाक मारत, ती दोन्ही नावे इथेच यावीत. त्यानंतर लगेच धागा. आबांच्या नातीचे पहिले शब्द असे असू शकतात:

“मी आबांची धाकटी नात. आबा एसटीत कंडक्टर होते, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी जन्मले तोपर्यंत ते निवृत्त झाले होते, पण त्यांची एक ड्युटी चालूच होती. घरातून कुणीही बाहेर निघालं की ते दारात उभे राहून माणसं मोजायचे. एकदा नाही, दोनदा.”

सभेतल्या घरच्या लोकांना ही सवय लगेच ओळखू येते आणि पहिले हसू इथेच उमटते. ‘आज बोलताना शब्द सुचत नाहीत’ किंवा ‘काय बोलावे कळत नाही’ अशा सुरुवातीत 40 सेकंद खर्च होतात आणि हाती काही लागत नाही.

दुसऱ्या भागात एकच प्रसंग, जागेसह आणि माणसांसह:

“आम्ही जेजुरीला निघालो होतो. गाडीत तेरा जण हवे होते. आबांनी मोजले तर चौदा. पुन्हा मोजले, तरी चौदा. शेवटी मागच्या सीटखाली शेजारचा सहा वर्षांचा मुलगा सापडला. त्यालाही खंडोबाला यायचं होतं. सगळे म्हणाले, उतरवा त्याला. आबा त्याचा हात धरून त्याच्या घरी गेले, त्याच्या आईला विचारलं आणि परत येऊन म्हणाले, ‘हाफ तिकीट आहे, चालतंय.’”

या प्रसंगात विनोद आजोबांच्याच तोंडी आहे आणि त्यांच्या धंद्यातल्या शब्दावर उभा आहे. हसता हसता लोकांना त्यांचा मऊ स्वभावही दिसतो. प्रसंग सांगून झाल्यावर ‘म्हणजे आबा किती प्रेमळ होते बघा’ असे वाक्य जोडू नये. लोकांनी ते आपणहून ओळखलेले असते.

तिसरा भाग सगळ्यात लहान, पण सगळ्यात जपून लिहायचा. हसण्यातून गंभीर प्रसंगाकडे जाताना एखादे साधे वाक्य लागते: “जास्तीचं माणूस आबांना चालायचं. कमी पडलेलं चालायचं नाही.” एवढ्याने सभा शांत होते. ‘पण आता थोडे गंभीर होऊया’ असे सांगावे लागत असेल, तर दोन प्रसंगांचा धागा वेगवेगळा आहे असे समजावे आणि एक प्रसंग बदलावा.

चौथ्या भागात नात पुण्याहून रात्रीच्या शेवटच्या गाडीने निघाल्याचा दिवस येतो. पावसाने घाटात वाहतूक अडली, फोन लागेना, गाडी रात्री दीड वाजता गावात पोहोचली. आबा स्टँडच्या बाकावर छत्री घेऊन बसलेले होते. ते काही बोलले नाहीत. घरी येऊन दाराची कडी लावताना आजीला म्हणाले, “हिशोब जुळला.” हा प्रसंग लिहिताना पाऊस, बाक, छत्री, कडी एवढ्याच वस्तू पुरतात. ‘माझ्या डोळ्यांत पाणी आले’ हे सांगण्याची गरज नाही. इथे आणखी एक कसोटी लावावी. प्रसंगात नातवंड किती वेळा ‘मी’ म्हणते ते मोजावे. नातवंडाच्या यशाची, परीक्षेची, परदेशी जाण्याची कथा पुढे आणि आजोबा मागे, असे झाले असेल तर प्रसंग पुन्हा लिहावा.

पाचव्या भागात निरोप. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात आबा रोज संध्याकाळी विचारत, सगळे आले का, हे एका वाक्यात सांगावे आणि थेट त्यांना उद्देशून संपवावे: “आबा, आज सगळे आलेत. मोजून घ्या.” यानंतर नमस्कार करून खाली बसावे. शेवटी कवितेच्या ओळी, सुविचार, ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’ किंवा आभारांची यादी आली की हे वाक्य पुसले जाते. आभार मानायला घरातले दुसरे कुणी उभे राहावे.

हसू कुठे थांबते

शोकसभेतले हसू ओळखीचे असते. ‘अगदी असेच होते ते’ असे मनात येऊन माणूस हसतो. म्हणून विनोद आजोबांच्या आवडीनिवडींवर, सवयींवर, ठरलेल्या वाक्यांवर असावा. कमी ऐकू येणे, विसरणे, कवळी, हात थरथरणे या वार्धक्याच्या गोष्टींवर तो कधीच नसावा, मग घरात त्यावर कितीही हसणे झालेले असो. आजीला गृहीत धरणारा विनोदही टाळावा. त्या सभेत सगळ्यात जास्त गमावलेली व्यक्ती पहिल्या रांगेत बसलेली असते. फक्त घरातल्या चौघांना कळणारी गंमत समजावून सांगावी लागते आणि समजावता समजावता तिचा जीव जातो.

‘आता एक गंमत सांगतो’ असे आधी जाहीर करू नये आणि हशासाठी थांबूही नये. लोक हसले तर तेवढे थांबावे, नाही हसले तर पुढचे वाक्य बोलावे. प्रसंग नीट निवडलेला असेल तर हसू आले नाही तरी तो वाया जात नाही. कोणता प्रसंग चालेल याची खात्री करायची असेल तर तो आदल्या दिवशी आजीला किंवा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला वाचून दाखवावा. त्यांनी आणखी एखादा तपशील जोडला तर प्रसंग ठेवावा. ‘हे कशाला सांगायचं?’ असे विचारले तर काही न बोलता तो काढून टाकावा.

मृत्यू अचानक किंवा अपघाताने झाला असेल, किंवा जमिनीवरून, वाटणीवरून घरात नुकताच वाद झाला असेल, तर हसू आणणारा प्रसंग लहान करावा आणि वादाच्या जवळ जाणारा कोणताही उल्लेख टाळावा. आजोबा तापट होते, व्यसनी होते, कुणाशी अनेक वर्षे बोलत नव्हते, अशाही गोष्टी घराला माहीत असतात. त्या लपवून ‘कधी कुणाला दुखावले नाही’ असे म्हटले तर पुढच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास उडतो. ‘आबांचा राग आम्ही सगळ्यांनी पाहिला आहे’ एवढे एक वाक्य प्रामाणिकपणाला पुरेसे असते. त्यापुढे खरोखर घडलेला चांगला प्रसंग सांगावा.

प्रत्यक्ष बोलताना

भाषण मोबाइलवरून वाचू नये. पडदा मध्येच काळा होतो, फोन येतो आणि वाचणाऱ्याचा चेहरा खाली राहतो. मोठ्या अक्षरात छापलेला किंवा सुवाच्य लिहिलेला कागद घ्यावा. मजकूर कागदाच्या वरच्या दोन-तृतीयांश भागातच ठेवावा, म्हणजे मान फार झुकत नाही. पानांना क्रमांक द्यावेत आणि ती टाचू नयेत, एकामागे एक सरकवावीत. नदीकाठी वाऱ्यासाठी जाड पुठ्ठा मागे घ्यावा.

रडू येणे ही चूक नाही, पण त्याची सोय आधी करता येते. कोणत्या वाक्यावर गळा दाटतो हे घरी मोठ्याने वाचतानाच कळते. त्या वाक्याआधी कागदावर खूण करून ठेवावी, तिथे थांबावे, पाण्याचा घोट घ्यावा, श्वास सोडावा आणि मगच पुढे जावे. थांबलेले दहा सेकंद बोलणाऱ्याला फार वाटतात, ऐकणाऱ्यांना नाही. भाषणाची दुसरी प्रत एखाद्या भावंडाकडे द्यावी. अगदीच बोलवले नाही तर त्याने शेजारी येऊन उरलेले वाचावे.

दोन अडचणी ऐन वेळी येतात. आधीच्या वक्त्याने तोच प्रसंग सांगून टाकलेला असतो, किंवा उशीर झाल्यामुळे सूत्रसंचालक कानात सांगतो, “दोनच मिनिटं.” पहिल्या अडचणीसाठी त्याच धाग्यातला एक छोटा प्रसंग राखून ठेवावा. दुसऱ्या अडचणीत घाईने वाचत सुटू नये. जेजुरीचा प्रसंग आणि त्यानंतरचे वळण पूर्ण गाळावे आणि ओळख, रात्रीचा बाक व निरोप एवढेच बोलावे. ते तीन मिनिटांच्या आत बसते. तेवढाही वेळ नसेल तर ओळख एका वाक्यावर आणावी. ही काटछाट आधीच कागदावर पेन्सिलीने आखून ठेवावी, व्यासपीठावर उभे राहून ती जमत नाही.

शेवटची तपासणी सोपी आहे. भाषण आजोबांना न ओळखणाऱ्या एखाद्या मित्राला ऐकवावे आणि त्याला विचारावे, हे आजोबा कसे होते? ‘चांगले होते’ असे उत्तर आले तर भाषण पुन्हा लिहावे. ‘माणसं मोजायचे’ असे उत्तर आले तर ते तयार आहे.